पत्रात ‘कृपया रद्द करा’ लिहू नका

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. ठाण्याला राहणाऱ्या भाचीचा सकाळी सकाळी फोन आला. “मामा, जिमवाल्यांनी परत पैसे कापले. चौथ्यांदा.”

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं क्लिअरिंग आणि ईसीएसच्या टेबलावर. त्यामुळे घरात कुणाच्या खात्यातून नको तिथे पैसा गेला की फोन माझ्याकडे येतो. मी तिला नेहमीचाच प्रश्न विचारला, की बंद करायचं लेखी कळवलं होतंस का? बहुतेक लोक इथेच अडखळतात. कुणी ट्रेनरला तोंडी सांगितलेलं असतं, कुणी काउंटरवरच्या मुलीला. भाची मात्र म्हणाली, “कळवलं होतं ना, आणि त्यांचं उत्तरही आलंय. हो म्हणाले होते.”

तेव्हाच मला वाटलं, की हे पैसे परत येतील. पण तिने तोवर जिमसाठी लिहून ठेवलेलं पत्र वाचलं आणि धसकाच बसला. पत्र दीड पानाचं होतं. दुसऱ्या मजल्यावरचा एसी दोन महिने बंद होता, ट्रेनर सकाळच्या बॅचला उशिरा यायचा, बायकांच्या चेंजिंग रूमचं दार नीट लागत नव्हतं, असं सगळं त्यात होतं. शेवटचं वाक्य होतं, “तरी कृपया माझी मेंबरशिप त्वरित रद्द करावी आणि न्याय द्यावा.”

एसीचं सगळं खरं असेल, पण ते या भांडणात नको. शेवटचं वाक्य तर तिच्याच पायावर धोंडा होता. मेंबरशिप जुलैमध्येच संपलेली आहे आणि नोव्हेंबरात ही बाई लिहिते की रद्द करा. वाचणारा काय समजेल? की आजपर्यंत चालू होती. मग जिमवाले अगदी सौजन्याने उत्तर देणार, “तुमची विनंती मिळाली, तीस दिवसांच्या नोटिशीनंतर सभासदत्व बंद होईल.” म्हणजे डिसेंबरचा हप्ताही गेला आणि मागचे चार रीतसर ठरले. या पत्रात रद्द करण्याची विनंती करायचीच नाही. रद्द झालेलं आहे हे सांगायचं आणि पैसे मागायचे.

मग आम्ही कागद लावायला बसलो. ती फोनवर, मी इकडे वही घेऊन.

जानेवारीत तिने महिन्याला दोन हजार अधिक जीएसटी असा प्लॅन घेतला होता. दर महिन्याच्या ५ तारखेला यूपीआय ऑटोपेने पैसे जायचे. बंद करायचं असेल तर तीस दिवस आधी कळवायचं, अशी अट होती. १२ जूनला तिने जिमच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेल टाकला. १६ जूनला उत्तर आलं, की तुमची विनंती मान्य आहे, सभासदत्व १५ जुलै २०२५ रोजी संपेल, ५ जुलैचा हप्ता शेवटचा, त्यानंतर काहीही घेतलं जाणार नाही. चार ओळींचा मेल, खाली शाखा व्यवस्थापकाचं नाव. सगळ्या प्रकरणात याहून मोलाचा कागद नव्हता.

त्याचं मोल का, ते थोडं सांगतो. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम ६२ सांगतं, की दोन्ही पक्षांनी मिळून करार मोडायचं ठरवलं तर मूळ करार पाळण्याचं बंधन राहत नाही. १२ जूनचा मेल ही एका बाजूची इच्छा होती. १६ जूनच्या उत्तराने ती दोघांची सहमती झाली. त्यामुळे मूळ फॉर्मवरच्या बारीक अक्षरातल्या अटी, नोटिशीचा काळ, ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम’ वगैरे मजकूर यांना १५ जुलैनंतर धरायला खुंटीच उरली नाही. याच कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे चुकीने दिलेला पैसा ज्याला मिळाला त्याने तो परत करायचा असतो. जिमच्या मनात लबाडी होती की संगणकाची चूक झाली, हे सिद्ध करत बसायची आपल्याला गरज नाही. चूक म्हटलं तरी पैसे परत द्यावेच लागतात.

आणि बहुतेक वेळा ती चूकच असते, निदान पहिल्या महिन्यात. सभासदत्व आणि मँडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि जिमच्या काउंटरवरच्या माणसांच्याही येत नाही. सभासदत्व म्हणजे तुमचा आणि जिमचा करार. मँडेट म्हणजे ‘या व्यापाऱ्याने मागितले की अमुक रकमेपर्यंत देत जा’ असा तुम्ही तुमच्या बँकेला देऊन ठेवलेला हुकूम. शाखेतला माणूस सभासदांच्या यादीत तुमच्या नावापुढे ‘बंद’ लिहितो, पण वसुली भलतीच कंपनी, भलत्याच सॉफ्टवेअरमधून करत असते. तिथे तुमचं नाव तसंच राहतं. ५ तारीख उजाडली की यंत्र पैसे मागतं आणि बँक देते. बँकेच्या लेखी तुमचा हुकूम जिवंत आहे. मी बँकेत होतो म्हणून बाजू घेतो असं नाही, पण एवढ्यापुरतं बँकेचं खरं आहे.

भाचीला म्हटलं, आधी ॲप उघड. प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ नावाची यादी असते, काही ॲपमध्ये तिला ‘मँडेट’ म्हणतात. जिमच्या नावासमोर लिहिलं होतं, ‘चालू’. रद्द करायला यूपीआय पिन टाकावा लागतो. तिने टाकला आणि अर्ध्या मिनिटात रद्द झाल्याचा संदेश आला. त्याचा आणि मँडेटच्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगितलं. हे ५ जुलैचा शेवटचा हप्ता गेल्यावर केलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

पण उलट बाजूही लक्षात ठेवा. नुसतं मँडेट रद्द करून गप्प बसणारे पुष्कळ असतात. त्याने पैसे जायचे थांबतात, पण करार चालूच राहतो आणि जिमच्या वहीत तुमच्या नावावर थकबाकी साठते. आधी लेखी शेवट, मग शेवटचा कायदेशीर हप्ता, मग मँडेट रद्द, हा क्रम धरावा. खात्यात शिल्लकच न ठेवण्याची युक्तीही काहीजण करतात. ती करू नये. मँडेट परत गेलं की बँक त्याचे पैसे लावते. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात कलम २५ आहे, ज्याखाली खात्यात पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर चेक न वटल्यासारखाच गुन्हा होऊ शकतो. देणंच नसेल तर तो टिकणार नाही, पण नोटिशीला उत्तर देण्याची कटकट कुणाला हवी?

“मामा, चार महिने मला कळलं कसं नाही?” तिने विचारलं. कळवलं तर होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असा हप्ता कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना यावी लागते. तिच्या फोनमध्ये चारही सूचना होत्या, पिझ्झ्याच्या सवलतींच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या मध्ये दबलेल्या. ऑगस्टमधला हप्ता तिला दिसला होता. काउंटरवर फोन केला तर म्हणाले, “हो मॅडम, सिस्टिममध्ये टाकलंय, रिफंड येईल.” तिने विश्वास ठेवला. तो फोन कधी केला, कुणाशी बोलली, काही टिपलेलं नव्हतं. त्यामुळे पत्रात तो फोन आम्ही घेतलाच नाही. सिद्ध करता येत नाही ते पत्रात घातलं की समोरचा नेमकं तेच पकडून बसतो.

यानंतर रकमा. इथे एक गंमत सापडली. ५ ऑगस्टला २,३६० रुपये गेले होते, ५ सप्टेंबरलाही २,३६०. म्हणजे दोन हजारांवर अठरा टक्के जीएसटी. पण ५ ऑक्टोबर आणि ५ नोव्हेंबरला प्रत्येकी २,१०० गेले होते. भाचीला वाटलं, जिमने दर कमी केला. दर नव्हता कमी केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला आणि जिमने तो तिच्या खात्यालाही लावला होता. म्हणजे सभासदत्व संपून दोन महिने झाल्यावर तिच्या हप्त्याचा आकडा बदलला गेला, पण खातं बंद करायला कुणाला सुचलं नाही. पुढे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची पाळी आली असती तर हे दोन आकडे पुरेसे होते. एकूण झाले ८,९२० रुपये.

पासबुकातल्या नोंदी बघताना आणखी एक पाहून घ्यायचं असतं, ते म्हणजे पैसे नक्की कुणाला गेले. दारावरच्या पाटीवर एक नाव असतं, बिलावर दुसरं. पुष्कळ जिम फ्रँचायझीवर चालतात. पाटी मोठ्या ब्रँडची आणि धंदा स्थानिक मालकाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा. पत्र पाटीच्या नावाने लिहिलं तर मुख्य कार्यालय म्हणतं शाखेला विचारा आणि शाखा म्हणते मुख्य कार्यालयाला. म्हणून जीएसटी बिल काढायचं. त्यावर कंपनीचं खरं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असतो. पत्र त्या नावाने लिहायचं आणि एक प्रत ब्रँडच्या मुख्य कार्यालयाला पाठवायची.

आणि नोंदीत जिमऐवजी एखाद्या फायनान्स कंपनीचं नाव दिसलं, तर जरा थांबा. वर्षाची फी ‘नो कॉस्ट ईएमआय’ने भरलेली असली तर जिमला पैसे पहिल्याच दिवशी मिळालेले असतात आणि दर महिन्याला कापला जातो तो कर्जाचा हप्ता. तो मनाने थांबवला तर सिबिलला डाग लागतो. तिथे जिमने कर्ज देणाऱ्याला पैसे परत करून कर्ज बंद करून घ्यायचं असतं आणि पत्र दोघांना लिहायचं असतं. ते प्रकरण वेगळं, इथे त्यात शिरत नाही.

भाचीला मी शेवटचा, जरा अडचणीचा प्रश्न विचारला. “१५ जुलैनंतर तू तिथे गेली होतीस का?” ती लगेच नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने, “एकदा गेले होते. लॉकरमध्ये बूट राहिले होते. दहा मिनिटांत परत आले.” आत जाताना अंगठा लावलास का? लावला होता. २ ऑगस्टची संध्याकाळ.

अशी बारीक गोष्ट लपवावीशी वाटते आणि घात तिथेच होतो. जिमकडे हजेरीयंत्राची नोंद असते. तुम्ही ‘पाऊलही ठेवलं नाही’ लिहिलंत आणि त्यांनी ती एक ओळ पुढे केली, तर बाकीचं खरं बोलणंही संशयात जातं. तेच आपण आधी सांगितलं की त्या नोंदीत काही दम राहत नाही. अर्थात, ती खरोखरच ऑगस्टभर व्यायामाला जात राहिली असती, तर त्या महिन्याचे पैसे मी मागू दिले नसते.

मग पत्र लिहिलं. ते जसंच्या तसं देतो, फक्त नावं काढून.

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति : (बिलावरील कंपनीचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक)
प्रत : मुख्य कार्यालय

विषय : १५ जुलै २०२५ रोजी संपलेल्या सभासदत्वापोटी घेतलेले ८,९२० रुपये परत करण्याबाबत (सभासद क्रमांक …)

महोदय,

मी १२ जून २०२५ रोजी ई-मेलने सभासदत्व बंद करण्याची सूचना दिली. आपण १६ जून २०२५ रोजीच्या उत्तरात ती मान्य करून सभासदत्व १५ जुलै २०२५ रोजी संपेल आणि ५ जुलैच्या हप्त्यानंतर कोणतीही रक्कम घेतली जाणार नाही, असे कळवले. दोन्ही ई-मेल सोबत जोडले आहेत.

त्यानंतरही आपण माझ्या खात्यातून ५ ऑगस्ट रोजी २,३६० रुपये, ५ सप्टेंबर रोजी २,३६० रुपये, ५ ऑक्टोबर रोजी २,१०० रुपये आणि ५ नोव्हेंबर रोजी २,१०० रुपये, असे एकूण ८,९२० रुपये घेतले आहेत. व्यवहार क्रमांकांसह बँकेचा उतारा सोबत आहे.

१५ जुलैनंतर मी आपल्या सेवेचा वापर केलेला नाही. २ ऑगस्ट रोजी सायंकाळी लॉकरमधील माझे सामान नेण्यासाठी आले होते. हजेरीयंत्रावर त्या दिवशीची नोंद असल्यास ती त्यासाठीची आहे.

ही रक्कम घेण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. ८,९२० रुपये ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात २५ नोव्हेंबर २०२५ पर्यंत जमा करावेत, चारही बिलांच्या क्रेडिट नोट पाठवाव्यात आणि माझ्याकडून काही येणे नाही असे लेखी कळवावे. परताव्याऐवजी मोफत महिने, मुदतवाढ किंवा कूपन मला मान्य नाही.

यूपीआय मँडेट मी आज रद्द केले आहे. वरील मुदतीत पूर्ण रक्कम न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ठाणे येथे व्याज आणि खर्चासह तक्रार दाखल करेन.

(सही)

भाचीला हे पत्र कोरडं वाटलं. “मामा, यात माझा राग कुठेच नाही!” रागाला आकडा नसतो, असं मी म्हणालो खरं, पण तिची समजूत काही पटली नाही. मानसिक त्रासाचे पन्नास हजार मागूया, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. नुकसानभरपाई आयोगाकडे जरूर मागता येते. पहिल्याच पत्रात असा आकडा घातला, तर मात्र सरळ परत करता येण्याजोगे ८,९२० रुपये एकदम वकिलाकडे पाठवण्याचं प्रकरण होऊन बसतं. शाखा व्यवस्थापक स्वतःच्या सहीने सोडवू शकेल एवढीच मागणी पहिल्या पत्रात असावी. माझं हे मत सगळ्यांना पटणार नाही.

क्रेडिट नोट का मागितली, तेही सांगायला हवं. पैसे परत मागितले की ‘जीएसटी सरकारला भरला, तो कसा परत देणार’ असं उत्तर हमखास येतं आणि करवजा रक्कम हातावर ठेवली जाते. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये दिलेलं बिल कमी किंवा रद्द करण्यासाठी विक्रेत्याने क्रेडिट नोट काढायची सोय केलेली आहे. मुळात दिलीच नाही त्या सेवेवरचा कर ग्राहकाच्या माथी मारता येत नाही.

पत्र ई-मेलने गेलं, त्याच दिवशी स्पीड पोस्टानेही. ई-मेल पाठवताना १६ जूनच्या त्यांच्याच मेलला ‘रिप्लाय’ करून पाठवायला सांगितलं. नवा मेल उघडला की वाचणाऱ्याला जुना शोधावा लागतो. तिथेच उत्तर दिलं की त्यांचा होकार पत्राच्या खाली आपोआप लटकत राहतो. पोस्टाची पावती आणि पोचल्याची नोंद जपून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी भाचीला शाखेतून फोन आला. फार गोड आवाज. मॅडम, गैरसमज झालाय, तुम्ही या ना, बसून बोलू, पाहिजे तर चारऐवजी सहा महिने मोफत देतो. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, “हे सगळं मेलवर लिहून पाठवा.” असा प्रस्ताव मेलवर कधी येत नाही. तो स्वीकारला असता तर संपलेलं सभासदत्व पुन्हा जिवंत झालं असतं आणि पैसे परत मागायचा आधार आपल्याच हाताने गेला असता.

१९ नोव्हेंबरला खात्यात ४,२०० रुपये आले आणि मागोमाग मेल. “सद्भावना म्हणून आम्ही शेवटचे दोन हप्ते परत करत आहोत. कंपनीच्या धोरणानुसार त्याआधीच्या व्यवहारांवर परतावा देता येत नाही. हे प्रकरण आता बंद समजावे.”

अर्धे पैसे आले की आपण सुस्कारा सोडतो आणि उरलेले सोडून देतो. हा हिशेब त्यांनाही ठाऊक असतो. दुसऱ्या दिवशी तिने तीन ओळींचं उत्तर दिलं. “४,२०० रुपये माझ्या ८,९२० रुपयांच्या मागणीपैकी अंशतः मिळाले. ४,७२० रुपये बाकी आहेत. प्रकरण बंद झालेले नाही, २५ नोव्हेंबरची मुदत कायम आहे.” सद्भावना हा शब्द उत्तरात मुद्दाम वापरला नाही. शेवटचे दोन हप्ते परत केले म्हणजे ते घ्यायला नको होते हे त्यांनी कबूल केलं. मग पहिले दोन कोणत्या हिशेबाने ठेवले? त्यांचा होकार तर चारही हप्त्यांच्या आधीचा होता.

२५ तारीख गेली. २६ ला सकाळी भाचीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते, त्यापुढे तिच्या हातात फार काही नसतं. पण शाखेच्या पातळीवर अडकलेलं पत्र त्यामुळे निदान वरच्या कुणाच्या टेबलावर पडतं. तेवढ्याने न भागलं असतं तर पुढचा दरवाजा जिल्हा आयोगाचा होता. लोक समजतात तेवढं ते अवघड नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. २०१९ च्या कायद्यापासून ग्राहक स्वतः जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, कंपनीचं कार्यालय दिल्लीत का असेना. वकील असलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. निकाल मात्र कागदावर लिहिलेल्या महिन्यांत लागेल असं धरून चालू नये. तारखा पडतात.

बँकेकडेही जावं का, असं पुष्कळजण विचारतात. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर जरूर जावं. कार्डांच्या जगात रद्द केलेल्या वर्गणीचे पैसे कापणं हे चार्जबॅकचं एक मान्य कारण आहे आणि व्यापाऱ्याचा लेखी होकार हा त्यातला सगळ्यात मजबूत पुरावा. फक्त तिथे मुदत असते, म्हणून चार-चार महिने वाट पाहू नये. यूपीआयच्या बाबतीत ॲपमधून आणि बँकेकडे तक्रार नोंदवता येते, पण बँक ‘मँडेट चालू होतं’ म्हणून हात वर करण्याचीच शक्यता जास्त. मँडेट रद्द केल्यावरही पैसे गेले तर मात्र चूक सरळ बँकेच्या यंत्रणेची. तेव्हा बँकेला लिहायचं आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. भाचीच्या बाबतीत तशी वेळ नव्हती, कारण डिसेंबरची ५ तारीख येण्याआधीच मँडेट मेलं होतं.

३ डिसेंबरला उरलेले ४,७२० रुपये जमा झाले. दुसऱ्या दिवशी चार क्रेडिट नोट आल्या, या वेळी कंपनीच्या हिशेब खात्याकडून. सोबतच्या मेलमध्ये ना माफी होती, ना सद्भावना. एकच वाक्य होतं, “आपले सभासदत्व १५ जुलै २०२५ रोजी संपले असून आपल्याकडून कोणतीही रक्कम येणे नाही.” जवळजवळ हेच वाक्य त्यांनी १६ जूनला लिहिलं होतं.